‘सर्व रसायने ए.आर. ग्रेडची वापरली’ हे वाक्य आता चालू देऊ नका

तीन आठवडे माझी एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी रोज सकाळी लॅबमध्ये यायची, तीच कृती करायची आणि दुपारी माझ्याकडे तीच टेस्ट ट्यूब घेऊन यायची. आत वाइनसारखा लाल रंग. "सर, परत लालच आलं." तिला बनवायचे होते सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे सोन्याच्या अगदी बारीक सळ्या, आणि तो लाल रंग म्हणजे सळ्या न होता नुसते गोल कण झालेत याची खूण. सळ्या झाल्या असत्या तर स्पेक्ट्रममध्ये दोन पीक दिसले असते, एक ५२० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा मोठा ७०० ते ८०० च्या पट्ट्यात कुठेतरी. तिच्याकडे एकच पीक, ५३० ला, बाकी सपाट.

आणि ही कृती काही नवीन नव्हती. आमच्याच लॅबमध्ये काही वर्षांपूर्वी एकानं पीएच.डी. करताना याच सळ्या बनवल्या होत्या, प्रबंध कपाटात होता, कृती त्यातूनच घेतलेली. तो प्रबंध उघडून ‘साहित्य’ हा भाग वाचला तर पहिलंच वाक्य होतं की सर्व रसायने ए.आर., म्हणजे अ‍ॅनालिटिकल रिएजंट, ग्रेडची असून पुढे शुद्ध न करता वापरली. त्यापुढे रसायनांची नावं, स्वल्पविराम देऊन, एका ओळीत. संपलं. मी स्वतः त्या प्रबंधाचा मसुदा तेव्हा वाचला होता आणि मला त्या वाक्यात काहीच खटकलं नव्हतं, कारण माझ्या प्रबंधातही तेच वाक्य आहे आणि माझ्या सरांच्याही होतं.

हे वाक्य आपल्याकडच्या प्रबंधांतून आणि पेपरांतून बंद व्हायला हवं असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि का ते या एका उदाहरणावरूनच सांगतो, कारण मोघम बोलून हे कुणाला पटत नाही.

आधी कृती बघा. ही मूळ निकूबख्त आणि एल-सईद यांची, २००३ सालची, जगभर हीच किंवा हिच्यात थोडा फेरफार करून वापरतात. आधी बीज, म्हणजे सोन्याचे सुरुवातीचे इवले कण, बनवायचं: ०.२ मोलर सीटॅबचं ५ मिली द्रावण, त्यात ०.५ मिलिमोलर गोल्ड क्लोराइडचं, म्हणजे HAuCl4 चं, ५ मिली, आणि ढवळत असताना बर्फासारख्या गार ०.०१ मोलर सोडियम बोरोहायड्राइडचं ०.६ मिली. तपकिरी-पिवळा रंग येतो. मग वाढीचं द्रावण: परत ०.२ मोलर सीटॅब ५ मिली, ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट फार तर पाव मिली, १ मिलिमोलर HAuCl4 चं ५ मिली, मग अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड ७० मायक्रोलिटर, त्यानं पिवळा रंग जाऊन पाण्यासारखं होतं, आणि शेवटी आधीच्या बीजाचे फक्त १२ मायक्रोलिटर. दहा-वीस मिनिटांत रंग यायला लागतो. सीटॅब म्हणजे सिटाइलट्रायमेथिलअमोनियम ब्रोमाइड, साबणासारखा फेस येणारी पांढरी पावडर, कणांना आकार देण्याचं काम मुख्यतः हीच करते (काही बाटल्यांवर सिटाइलच्या जागी हेक्साडेसिल लिहिलेलं असतं, पदार्थ एकच).

आम्ही काय काय बदललं नाही ते विचारा. बोरोहायड्राइड नवीन आणलं, पाणी बदललं, काचेची भांडी अम्लराजानं धुतली, सिल्व्हर नायट्रेट ताजं केलं. लालच. शेवटी आमच्या लॅबचे मामा, जे तीस वर्षं तिथेच आहेत, ते म्हणाले की त्या पोरानं वापरलेली जुनी बाटली वरच्या फळीवर मागे पडलीय बहुतेक. होती. सीटॅबचीच, वेगळ्या कंपनीची, तळाला थोडी पावडर उरलेली. दोन्ही बाटल्यांवर शुद्धता जवळपास सारखीच छापलेली, दोन्हींना आपण ए.आर.च म्हणणार. जुन्या बाटलीतून द्रावण केलं आणि पंधरा मिनिटांत रंग वेगळा यायला लागला, स्पेक्ट्रम घेतला तर दुसरा पीक ७६० च्या आसपास उभा. ती पोरगी स्टुलावर बसून रडली, आनंदानं की तीन आठवडे वाया गेल्याच्या दुःखानं ते मी विचारलं नाही.

आता यातलं खरं दुखणं असं की हे उत्तर जगाला आधीच माहीत होतं. २००८ मध्ये टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, डॅनियल स्मिथ आणि ब्रायन कॉर्गेल यांनी दहा वेगवेगळे सीटॅब घेऊन एकच कृती केली आणि त्यातल्या तिनांनी सळ्या दिल्याच नाहीत, नुसते गोळे. पुढच्या वर्षी त्याच गटानं कारण शोधलं: आयोडाइड. सीटॅबमध्ये ब्रोमाइड असतं, त्यासोबत अगदी थोडं आयोडाइड अशुद्धी म्हणून येतं, किती येतं ते कंपनीवर आणि लॉटवर अवलंबून, आणि साधारण ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांच्या, वर गेलं की सळ्या होत नाहीत. आयोडाइड सोन्याला फार घट्ट चिकटतं, कणाच्या ठरावीक पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि एका दिशेनं होणारी वाढ अडवतं.

५० पीपीएम म्हणजे किती ते एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. शेवटच्या मिश्रणात सीटॅब ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ३६.४ ग्रॅम. त्याचे ५० पीपीएम म्हणजे १.८ मिलिग्रॅम आयोडाइड, मोलमध्ये साधारण १४ मायक्रोमोलर. आणि सोनं आहे ०.५ मिलिमोलर. म्हणजे सोन्याच्या पस्तीस अणूंमागे आयोडाइडचा एक आयन, एवढ्यावर सगळा खेळ बिघडतो. आणि बाटलीवर ९९ टक्के लिहिलं असेल तर उरलेला १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, त्यात काय आहे ते कोण सांगणार? ९९ टक्केवाल्या बाटलीत ५ पीपीएम आयोडाइड असू शकतं आणि ५०० पण असू शकतं, दोन्ही बाटल्यांवरचा आकडा खराच असतो.

आम्ही हे लॅबमध्ये तपासूनही बघितलं. चांगल्या सीटॅबच्या १० मिली वाढीच्या द्रावणात मुद्दाम १ मिलिमोलर पोटॅशियम आयोडाइडचे ३०० मायक्रोलिटर टाकले, म्हणजे त्या ५० पीपीएमच्या दुप्पट. लाल. न टाकता केलेल्या ट्यूबमध्ये सळ्या. दोन ट्यूब शेजारी ठेवून फोटो काढला, तो अजून लॅबच्या दारावर लावलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. त्याच २००८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटानं दाखवलं की सोन्याचे चपटे त्रिकोणी कण हवे असतील तर आयोडाइड लागतंच, आणि वेगवेगळ्या सीटॅबनी वेगवेगळे आकार मिळत होते त्यामागेही हेच होतं. म्हणजे एकाची अशुद्धी ती दुसऱ्याचं मुख्य रसायन, आणि ते कुणाच्याच साहित्याच्या यादीत नव्हतं, कारण ते टाकलंय हे कुणाला माहीतच नव्हतं! इथे लोक म्हणतात की बघा, माहीत नसलेली गोष्ट कशी लिहिणार. बरोबर, आयोडाइड लिहिता आलं नसतं. पण कंपनी, कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर लिहिता आला असता, आणि ऑस्टिनच्या लोकांनाही सापडलं ते अशा बाटल्या शेजारी शेजारी ठेवूनच. मला माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याला शोधता यावी एवढा माग तरी मी ठेवायला हवा की नको?

ग्रेड या शब्दावर आपला फार विश्वास आहे. एल.आर. स्वस्त, ए.आर. चांगलं, एच.पी.एल.सी. अजून चांगलं, अशी एक शिडी आपल्या डोक्यात बी.एस्सी.पासून बसलेली असते. प्रत्यक्षात ए.आर. हे त्या त्या कंपनीनं ठरवलेल्या मर्यादांचं नाव आहे, बाटलीवर मागे जी ‘अशुद्धींची कमाल मर्यादा’ म्हणून बारीक अक्षरात यादी असते ती खरी माहिती, आणि ती यादी ठरावीक कामं डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. तुमच्या प्रयोगाला जी अशुद्धी घातक ती त्यात असेलच असं नाही. त्यामुळे नुसतं ए.आर. लिहिणं म्हणजे पत्ता विचारल्यावर ‘गावात राहतो’ असं सांगण्यासारखं झालं.

पाण्याच्या रेणूंचीही हीच गत आहे, गोल्ड क्लोराइडच्या बाबतीत तर जास्तच. HAuCl4 असं सगळे लिहितात. पण बाटलीत बहुतेक वेळा असतं HAuCl4·3H2O, त्याचं मोलर वजन ३९३.८, आणि पाणी न धरता काढलं तर ३३९.८. प्रबंधात पाणी लिहिलं नाही आणि वाचणाऱ्यानं ३३९.८ धरून वजन केलं तर त्याच्या द्रावणात सोनं जवळपास १४ टक्के कमी पडतं. शिवाय हा पदार्थ हवेतला ओलावा भराभर ओढतो, स्पॅट्युलावरच ओला होतो, म्हणून माणसं एक ग्रॅमची अख्खी कुपी एकदाच विरघळवून स्टॉक करून ठेवतात आणि पुढे सहा महिने तोच वापरतात. हे ‘कुपीभर विरघळवलं, इतक्या मिलीमध्ये, अमुक तारखेला’ असं लिहायला एक ओळ लागते. कुणी लिहीत नाही.

संहतीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. ‘सिल्व्हर नायट्रेट (४ मिलिमोलर)’ असं लिहिलं की ते बाटलीतल्या स्टॉकचं की ट्यूबमधल्या शेवटच्या मिश्रणाचं? वरच्या कृतीत ४ मिलिमोलर हा स्टॉक आहे, त्याचे पाव मिली दहा मिलीमध्ये गेले की उरतं ०.१ मिलिमोलर. कुणी ४ हा शेवटचा आकडा समजला तर चांदी चाळीस पट. सीटॅबचं उलट होतं, पेपरात कुणी ०.१ मोलर लिहितो कारण मिश्रणात तेवढं होतं, दुसरा ते वाचून ०.१ मोलरचा स्टॉक करतो आणि त्यात तेवढंच गोल्डचं द्रावण टाकतो, झालं निम्मं. चूक कुणाचीच नाही आणि प्रयोग मात्र फसलेला. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता एकच सांगतो, प्रत्येक द्रावणामागे तीन गोष्टी लिहा, स्टॉक किती, किती मिली घेतलं आणि एकूण आकारमान किती झालं, मग शेवटची संहती वाचणारा स्वतः काढेल आणि तुमची चूक असेल तर ती पण पकडेल. बोरोहायड्राइडला अजून एक चौथी गोष्ट, विरघळवल्यापासून किती मिनिटांत वापरलं, कारण ते पाण्यात पडल्यापासून संपायला लागतं, तासाभरानं बाटलीवरचा ०.०१ हा आकडा नुसता आकडा उरतो.

उपकरणांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. एकतर काहीच लिहीत नाहीत, नाहीतर वजनकाट्यापासून टिश्यू पेपरपर्यंत सगळं लिहितात आणि कामाचं राहून जातं. सळ्यांच्या कृतीत माझ्या मते वजनकाट्याची कंपनी नसली तरी चालेल, पण वॉटर बाथ हवाच. ०.२ मोलर सीटॅब २५ अंशाच्या खाली गेलं की स्फटिक होऊन बाहेर पडायला लागतं, मूळ कृतीत वाढीसाठी २७ ते ३० अंश सांगितलंय, आणि आपण लिहितो ‘रूम टेंपरेचर’. कुठल्या रूमचं? जानेवारीत सकाळी पुण्यातल्या लॅबमध्ये सीटॅबची बाटली पांढरी गोठलेली असते आणि मे महिन्यात चंद्रपूरला तीच रूम चाळीसच्या घरात. तसंच १२ मायक्रोलिटर बीज कशानं घेतलं, २० च्या मायक्रोपिपेटनं की २०० च्या, कारण २०० वाल्यावर १२ घेतलं तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर कुठपर्यंत वाचतो ते. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात तो ८०० ला थांबायचा, सळ्या जरा लांब झाल्या की पीक बाहेर जायचा आणि पोरं समजायची प्रयोग फसला.

ढवळण्यासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती महागात पडते त्याचं एक उदाहरण जीवशास्त्रातलं आहे. अमेरिकेत बर्कलीचा मिना बिसेल यांचा गट आणि बोस्टनचा कॉर्नेलिया पोल्याक यांचा गट एकत्र काम करत होते, स्तनाच्या ऊतीतल्या पेशी वेगळ्या करून मोजायच्या होत्या, आणि दोन्हीकडचे निकाल जुळेनात. दोन्ही नावाजलेल्या लॅब, रसायनं तपासली, मशीन तपासली, वर्षाहून जास्त काळ गेला. शेवटी दोघांनी एकाच ठिकाणी शेजारी उभं राहून प्रयोग केला तेव्हा कळलं की एकजण ऊती जोरात ढवळत होता आणि दुसरा हळूहळू हलवत जास्त वेळ ठेवत होता. २०१४ मध्ये त्यांनी हे छापून सांगितलं. ढवळणं ही लिहायची गोष्ट आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकलेत, त्यातले काही खरे पण आहेत. पेपराला शब्दमर्यादा असते, मान्य, पण आता जवळपास प्रत्येक जर्नल पुरवणी फाइल घेतं आणि प्रबंधाला तर पानांचा तुटवडाच नसतो, दीडशे पानांत तीस पानं प्रस्तावना असते, साहित्याला एक पान देता येत नाही? कंपनीचं नाव लिहिलं तर जाहिरात वाटते असं एका ज्येष्ठ परीक्षकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. नाव लिहिणं म्हणजे शिफारस नव्हे, उलट कुठल्या बाटलीत काय गडबड होती हे त्यानंच उघड होतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे आणि ती आपणच तयार केलीय, ती म्हणजे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर. २०१८ च्या यूजीसीच्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे पायऱ्या सुरू होतात. मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, मनोगत, आभार, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, सर्वसामान्य संज्ञा, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं वगळायची असं त्यात आहे, साहित्य विभागाचं नाव नाही. आता रसायनांची यादी अचूक लिहिली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी अचूक यादीशी जुळणारच, कारण रसायनं तीच, शुद्धता तीच, शब्द तेच. मग पोरं काय करतात, टक्केवारी खाली आणायला वाक्यं फिरवतात, ‘ट्रायहायड्रेट’ गाळतात, शुद्धतेचा आकडा गाळतात, आणि सगळ्याचं मिळून एक गोड वाक्य करतात की सर्व रसायने ए.आर. ग्रेडची होती. मी स्वतः एका मुलाला असं करताना बघितलंय, अहवालात जिथे जिथे लाल रंग होता तिथे तिथे त्यानं माहिती पुसली होती, त्याला वाटलं तो चोरी टाळतोय. हे विद्यापीठांनी मनावर घेतलं तर एका परिपत्रकात सुटू शकतं, साहित्याचा तक्ता तपासणीतून वगळायचा, बस.

आणि हो, लॉट नंबर लिहून उपयोग काय, तो लॉट दोन वर्षांनी बाजारात मिळणारच नाही, हा आक्षेप अगदी खरा आहे. मिळणार नाही. आमची जुनी बाटली पण आता मिळत नाही. पण लॉट नंबर असला तर कंपनीकडून त्या लॉटचं विश्लेषण-पत्र मागता येतं, आणि नसला तर तीन आठवडे बोरोहायड्राइड आणि पाणी बदलत बसावं लागतं. प्रबंधात कंपनीचं नाव जरी असतं तरी आम्ही पहिल्या आठवड्यात दुसरी बाटली मागवून बघितली असती.

माझा अनुभव असा की ही माहिती आळसानं गळत नाही, उशिरानं गळते. प्रयोग पहिल्या वर्षी होतो, साहित्य विभाग चौथ्या वर्षी रात्री जागून लिहिला जातो, तोपर्यंत बाटली रिकामी होऊन भंगारात गेलेली असते आणि आठवणीतून फक्त ‘ए.आर.’ एवढंच वर येतं. म्हणून तक्ता प्रबंधाच्या शेवटी नको, बाटली उघडल्या दिवशी हवा. आमच्याकडे आता नियमच केलाय, बाटलीचं सील तोडायच्या आधी लेबलचे मोबाइलवर पुढून-मागून दोन फोटो, आणि वहीत एक ओळ: नाव पाण्याच्या रेणूंसकट, कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, छापलेली शुद्धता, उघडल्याची तारीख. दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. विद्यापीठांनी प्री-सबमिशन सादरीकरणाच्या वेळी हाच तक्ता मागावा, नसेल तर परत पाठवावं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रस्तावनेवर पाऊण तास घालवण्याऐवजी यातल्या दोन ओळींवर बोट ठेवून विचारावं की ही बाटली कुठली.

त्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये सीटॅबच्या दोन नोंदी आहेत. पहिलीत जुन्या बाटलीची कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर आणि समोर ‘सळ्या मिळाल्या, दुसरा पीक ७६०’. दुसरीत नव्या बाटलीची तीच सगळी माहिती आणि समोर ‘सळ्या मिळाल्या नाहीत, तीन आठवडे’. न मिळालेल्या बाटलीची नोंद कशाला ठेवायची असं तिला एका सरांनी विचारलं होतं. तिनं ती ठेवली. जुन्या बाटलीत अजून साधारण अकरा ग्रॅम पावडर आहे, मामांनी तिच्यावर सेलोटेप लावून ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलंय.